पोलच्या साध्या मजकुरापासून आलेखाच्या तक्त्यापर्यंत: तीन विंगची मतं एका शीटमध्ये

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत तीन विंग आहेत आणि उन्हाळ्यात टँकर येतात. पाणी दिवसातून एकदाच सोडायचं असेल तर कोणत्या वेळी सोडावं, हा प्रश्न कमिटीने सगळ्यांना विचारला. ए विंगने व्हॉट्सॲपवर पोल घेतला. बी विंगच्या काकांनी एकेका घरी फोन करून विचारलं आणि निकाल मेसेजमध्ये टाइप केला. सी विंगच्या काकूंनी वॉचमनच्या टेबलावर वही ठेवली आणि शेवटी मोजून लिहून पाठवलं. सभेत एकच आलेख दाखवायचा होता आणि तो करायचं काम माझ्याकडे आलं.

आलेख काढायला दोन मिनिटं लागतात. खरं काम त्याच्या आधीचं असतं: तीन तऱ्हांनी लिहिलेल्या मजकुरातून एका रकान्यात पर्याय आणि दुसऱ्या रकान्यात संख्या, असा तक्ता तयार करणं. चुका होतात त्या इथेच, आणि आलेख देखणा निघाला की त्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत. म्हणून हे काम मी कसं केलं ते सगळं इथे मांडतो. सूत्रं गूगल शीट्सची आहेत. नव्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या एक्सेलमध्येही शेवटचं `SPLIT` सोडून या नावांची सूत्रं आली आहेत, पण ती तिथे जशीच्या तशी चालतील असं नाही, आणि जुन्या एक्सेलमध्ये `REGEXEXTRACT` आणि `REGEXREPLACE` मिळणार नाहीत.

हाती आलेला मजकूर

ए विंगचा पोल मी चॅट एक्सपोर्ट करून घेतला. ग्रुप उघडून `More` मधून `Export chat` निवडायचं आणि फोटो-व्हिडिओ वगळायचे, की एक टेक्स्ट फाइल मिळते. या फाइलमध्ये ग्रुपवरचं सगळं संभाषण आणि सभासदांचे नंबरही असतात. त्यामुळे त्यातल्या पोलच्या तेवढ्या ओळी कॉपी करा आणि फाइल पुढे कोणालाही पाठवू नका. प्रश्नाची आणि `POLL:` ही ओळ सोडून मी एवढंच उचललं:

```
OPTION: सकाळी 6 ते 8 (31 votes)
OPTION: सकाळी 7 ते 9 (18 votes)
OPTION: संध्याकाळी 6 ते 8 (12 votes)
OPTION: कोणतीही वेळ चालेल (1 vote)
```

बी विंगच्या काकांचा मेसेज असा होता:

```
१) सकाळी ६ ते ८ - २४ मते (४८%)
२) सकाळी ७ ते ९ - १७ मते (३४%)
३) संध्या. ६ ते ८ - ९ मते (१८%)
४) कोणतीही वेळ -
एकूण - ५०
```

आणि सी विंगच्या काकूंचा असा:

```
सकाळी ६-८.........२२
सकाळी ७-९.........१९
संध्याकाळी ६-८.....१४
काहीही चालेल.......३
एकूण ५६
```

घाई न करता हे तीन मजकूर एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा. अंक दोन लिप्यांत आहेत. पर्यायांच्या नावातच आकडे आहेत, म्हणजे "ओळीतला आकडा उचल" एवढं सांगून भागणार नाही. बी विंगच्या ओळीत तर अनुक्रमांक, वेळ, मतं आणि टक्के मिळून पाच आकडे आहेत. एकच पर्याय तीन तऱ्हांनी लिहिला आहे. एका ओळीत संख्याच नाही. आणि काकूंची बेरीज जुळत नाही, पण त्याबद्दल पुढे.

शीटमध्ये उतरवताना

शीटला "काम" असं नाव दिलं. पहिल्या रकान्यात विंग, दुसऱ्यात मूळ ओळ. ओळी चिकटवण्याआधी बी रकाना निवडून `Format`, `Number`, `Plain text` करून घ्या. कारण सोपं आहे. एखाद्या पोलात पर्याय नुसता `6-8` असला तर शीट त्याला तारीख समजतं आणि त्याचं ६ ऑगस्ट किंवा ८ जून होऊन बसतं. एकदा तारीख झाली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. मात्र हे फक्त बी रकान्यालाच करा. सूत्रांच्या रकान्यांनाही साधा मजकूर असं स्वरूप दिलं तर सूत्र चालतच नाही, जसंच्या तसं अक्षरांत दिसत राहतं.

चिकटवताना सेलवर एकदाच क्लिक करा. दोनदा क्लिक करून सेलच्या आत शिरलात तर सगळ्या ओळी एकाच सेलमध्ये कोंबल्या जातात.

आमच्या चौदा ओळी २ ते १५ या क्रमांकांवर बसल्या. बी रकान्यातली मूळ ओळ पुढे कधीही दुरुस्त करायची नाही, अगदी शुद्धलेखनाची चूक दिसली तरी. उद्या कोणी विचारलं, "आमच्या विंगचा हा आकडा कुठून आला?" तर त्याच ओळीतला मूळ मजकूर दाखवता आला पाहिजे. प्रत्येक ओळीपुढे विंगचं नाव लिहिण्याचं कारणही तेच, शिवाय पुढे विंगवार बेरीज तपासताना ते लागतंच.

अंक आणि न दिसणारी अक्षरं

मराठीत काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास इथे होतो. शीटमधल्या नमुन्यांना (`REGEXEXTRACT` वगैरेंना) "अंक" म्हणजे फक्त 0 ते 9 एवढंच कळतं. `२४` हे त्यांच्या दृष्टीने "मते" सारखंच एक अक्षरांचं जोडकाम. पायथनमध्ये असं होत नाही, तिथे `int("२४")` लिहिलं तर सरळ 24 मिळतात. पण शीटमध्ये अंक आधी बदलून घ्यावे लागतात.

युनिकोडमध्ये ० चा क्रमांक 2406 आहे आणि ९ चा 2415, मधले ओळीने येतात. म्हणून दहा वेळा `Find and replace` करत बसण्यापेक्षा सी रकान्यात एकच सूत्र पुरतं:

```
=REDUCE(
 SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,UNICHAR(8206),""),UNICHAR(160)," "),
 SEQUENCE(10,1,0),
 LAMBDA(ol,ank,SUBSTITUTE(ol,UNICHAR(2406+ank),ank)))
```

मधली ओळ दोन न दिसणाऱ्या अक्षरांसाठी आहे. 8206 हे लिहिण्याची दिशा सांगणारं चिन्ह. व्हॉट्सॲपच्या एक्सपोर्ट फाइलमध्ये ते ओळीच्या सुरुवातीला येऊ शकतं, आणि ते तिथे असलं की "ओळीची सुरुवात `OPTION` ने होते" हा नमुना लागू पडत नाही, कारण सुरुवातीला ते चिन्ह आहे. 160 म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. ती नेहमीच्या जागेसारखीच दिसते, पण `TRIM` तिला काढत नाही. अशी चिन्हं आहेत का हे डोळ्यांनी कळणार नाही. तोच मजकूर हाताने दुसऱ्या सेलमध्ये, समजा H2 मध्ये, टाइप करा आणि `=EXACT(B2,H2)` विचारा; टाइप करताना चूक झालेली नसूनही `FALSE` आलं तर असं काहीतरी चिन्ह आहे.

तिसरं एक न दिसणारं चिन्ह आहे, जोडणारं, क्रमांक 8205. ते मात्र सरसकट उडवू नका. मागे सभेसाठी "दुसऱ्या रविवारी" असा पर्याय होता आणि माझ्या आलेखात त्या एकाच नावाचे दोन खांब उभे राहिले. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसत होते. शोधल्यावर कळलं की "दुसऱ्या" मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि हे जोडणारं चिन्ह वापरतात. दुसऱ्या प्रकारातलं चिन्ह नुसतं काढून टाकलं तर शब्द "दुसर्या" होतो, म्हणजे चुकतो. त्याऐवजी ते त्रिकूट ओळखून ऱ आणि हलन्तामध्ये बदलायचं:

```
=SUBSTITUTE(C2,UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),
 UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

तिसऱ्या, वाऱ्याच्या, पायऱ्या, बऱ्याच असे शब्द पर्यायांत असतील तर हे आधीच लावून घ्या. पाण्याच्या पोलात असा शब्द नव्हता, म्हणून इथे मी ते लावलं नाही.

सूत्राने पर्यायाच्या नावातले अंकही बदलतात आणि तेच हवं आहे. त्यामुळे "सकाळी ६ ते ८" आणि "सकाळी 6 ते 8" आपोआप एक होतात.

संख्या वेगळी काढणं

आता मुख्य पायरी. आकडे अनेक आहेत, त्यातला मतांचा कोणता? तिन्ही मजकुरांत एक गोष्ट समान आहे: टक्के बाजूला केले तर मतांची संख्या ओळीतला शेवटचा आकडा असते. तेव्हा आधी टक्के आणि `OPTION` काढायचं, मग शेवटचा आकडा घ्यायचा.

पहिल्यांदा मी तेवढंच केलं, आणि बी विंगची बेरीज ५४ आली. काकांनी खाली ५० लिहिलं होतं. चार मतं कुठून वाढली? चौथ्या ओळीत: `4) कोणतीही वेळ -`. पुढे संख्या नाही, त्यामुळे ओळीतला शेवटचा आकडा म्हणजे अनुक्रमांक ४, आणि तोच मतं म्हणून उचलला गेला. कसलीही चूक दाखवली गेली नाही, सेलमध्ये शांतपणे 4 दिसत होता. काकांनी एकूण लिहिलं नसतं तर हे कधीच कळलं नसतं. म्हणून अनुक्रमांकही याच पायरीत काढून टाकायचा. डी रकाना:

```
=TRIM(REGEXREPLACE(
 REGEXREPLACE(C2,"\(?[0-9.]+ ?%\)?",""),
 "^(OPTION: *|[0-9]+[.)] +)",""))
```

आतला भाग कंसातले टक्के काढतो, बाहेरचा भाग ओळीच्या सुरुवातीचं `OPTION:` किंवा अनुक्रमांक. अनुक्रमांकानंतर मोकळी जागा असलीच पाहिजे अशी अट मी मुद्दाम ठेवली आहे. ती नसेल तर `6.30 ते 8` असा पर्याय आला की सूत्र `6.` ला अनुक्रमांक समजेल आणि `30 ते 8` उरेल. उलट तुमच्याकडे कोणी `१)सकाळी` असं जागा न सोडता लिहिलं असेल तर ही अट आड येईल. दोन्ही गोष्टी एकाच नमुन्यात भागत नाहीत, आपला मजकूर पाहून ठरवावं लागतं.

मग ई रकान्यात मतं:

```
=VALUE(REGEXEXTRACT(D2,"([0-9]+)[^0-9]*$"))
```

याचा अर्थ: असा आकडा घे ज्याच्यानंतर ओळ संपेपर्यंत दुसरा अंक नाही. मग पुढे "votes" असो, "मते" असो की काहीच नसो. `VALUE` विसरू नका. ते नसेल तर 31 हा आकडा नसून "31" ही अक्षरं राहतात, सेलमध्ये डावीकडे चिकटतात, बेरीज शून्य येते आणि आलेख रिकामा निघतो. शंका आली तर `=ISNUMBER(E2)` विचारा.

संख्या हजारांत असेल आणि `1,204` अशी लिहिली असेल तर हा नमुना फक्त 204 घेईल. तशा मजकुरात अंकांमधला स्वल्पविराम आधी काढा. सोसायटीच्या पोलात ही वेळ सहसा येत नाही.

अनुक्रमांक काढल्यावर बी विंगच्या चौथ्या ओळीत `#N/A` आलं. हे मला हवंच होतं. इथे `IFERROR` लावून शून्य भरून टाकण्याचा मोह होतो, तो टाळा. रिकामी जागा म्हणजे "एकानेही सांगितलं नाही" की "हा पर्याय मी विचारलाच नाही", हे सूत्राला माहीत नसतं. मी काकांना फोन केला.

"काका, चौथ्या पर्यायापुढे काही लिहिलं नाहीये."

"अरे, कोणीच नाही म्हणालं, म्हणून सोडून दिलं."

मग त्या सेलमध्ये हाताने 0 लिहिला, सेलला पिवळा रंग दिला आणि टीप म्हणून फोनची तारीख लिहिली. हाताने भरलेला प्रत्येक आकडा असा वेगळा दिसला पाहिजे. काका जर "विचारलंच नाही" म्हणाले असते तर तिथे शून्य लिहिणं खोटं ठरलं असतं, आणि तो पर्याय बी विंगसाठी रिकामाच ठेवावा लागला असता.

नावं एकसारखी करणं

एफ रकान्यात शेवटचा आकडा आणि त्याच्या आजूबाजूची टिंबं, रेघा, कंस काढून उरलेलं नाव:

```
=TRIM(REGEXREPLACE(D2,"[ .:(–-]*[0-9]+[^0-9]*$",""))
```

चौकटी कंसात दोन रेघा दिसतील. एक छोटी आणि एक लांब. फोनचा कीबोर्ड कधी कधी स्वतःच छोट्या रेघेची लांब करतो, म्हणून दोन्ही ठेवल्या. यामुळे `सकाळी 6-8.........22` मधून `सकाळी 6-8` नीट उरतं, आतली रेघ शाबूत राहते, कारण तिच्यानंतर अजून अंक आहेत. पिवळ्या ओळीत आकडाच नव्हता, त्यामुळे तिथे `कोणतीही वेळ -` असं रेघेसकट नाव उरलं. तेही चालेल.

आता "नकाशा" नावाची दुसरी शीट उघडून पहिल्या सेलमध्ये `=UNIQUE('काम'!F2:F15)` लिहिलं. अकरा नावं आली: पर्यायांची दहा आणि एक "एकूण". खरे पर्याय चारच. ही अकरा नावं मूल्यं म्हणून परत चिकटवून घेतली (`Paste special`, `Values only`), म्हणजे पुढे त्यांचा क्रम हलणार नाही, आणि शेजारच्या रकान्यात प्रत्येकाचं ठरवलेलं नाव हाताने लिहिलं:

| सापडलेलं नाव | ठरवलेलं नाव |
|---|---|
| सकाळी 6 ते 8 | सकाळी ६ ते ८ |
| सकाळी 6-8 | सकाळी ६ ते ८ |
| सकाळी 7 ते 9 | सकाळी ७ ते ९ |
| सकाळी 7-9 | सकाळी ७ ते ९ |
| संध्याकाळी 6 ते 8 | संध्याकाळी ६ ते ८ |
| संध्या. 6 ते 8 | संध्याकाळी ६ ते ८ |
| संध्याकाळी 6-8 | संध्याकाळी ६ ते ८ |
| कोणतीही वेळ चालेल | कोणतीही वेळ |
| कोणतीही वेळ - | कोणतीही वेळ |
| काहीही चालेल | कोणतीही वेळ |
| एकूण | बाद |

हे काम सूत्रावर सोपवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. "संध्या." म्हणजे संध्याकाळी, हे कोणालाही दिसतं. पण "काहीही चालेल" आणि "कोणतीही वेळ" एकच आहेत हा निर्णय आहे. काकूंनी वहीत नेमकं काय लिहिलं होतं हे विचारून मगच मी ते एकत्र केले. "काहीही" चा अर्थ "पाणी दोनदा सोडलं तरी चालेल" असा निघाला असता तर ती तीन मतं वेगळी ठेवावी लागली असती. नकाशा लिहून ठेवला की हे सगळे निर्णय एका जागी दिसतात आणि सभेत कोणी हरकत घेतली तर एक ओळ बदलून सगळा तक्ता बदलतो.

ठरवलेल्या नावांत मी मराठी अंक परत आणले. ही आलेखावर छापायची नावं आहेत, त्यांच्याशी गणित करायचं नाही, त्यामुळे वाचणाऱ्याच्या सवयीचं ते लिहावं. संख्यांचा रकाना मात्र 0 ते 9 मध्येच राहू द्या.

जी रकान्यात मग एवढंच:

```
=VLOOKUP(F2,'नकाशा'!A:B,2,FALSE)
```

शेवटचा `FALSE` महत्त्वाचा, तो नसेल तर शीट जवळपासचं नाव धरून चालतं. उद्या नवीन ओळ आली आणि तिचं नाव नकाशात नसलं की `#N/A` दिसेल. तेव्हा नकाशात भर घाला, सूत्राला हात लावू नका.

बेरीज जुळवणं

"तक्ता" नावाच्या तिसऱ्या शीटमध्ये ए रकान्यात चार ठरवलेली नावं लिहिली, बी मध्ये:

```
=SUMIF('काम'!G:G,A2,'काम'!E:E)
```

निकाल आला तो असा:

| वेळ | मते |
|---|---|
| सकाळी ६ ते ८ | 77 |
| सकाळी ७ ते ९ | 54 |
| संध्याकाळी ६ ते ८ | 35 |
| कोणतीही वेळ | 4 |

चारही मिळून १७०. इथे थांबून आलेख काढायचा नाही. आधी प्रत्येक विंगची बेरीज त्या विंगने दिलेल्या एकूणाशी ताडायची:

```
=SUMIFS('काम'!E:E,'काम'!A:A,"सी",'काम'!G:G,"<>बाद")
```

बी विंग ५०, बरोबर. सी विंग ५८, पण काकूंनी एकूण ५६ लिहिलं होतं. पहिल्यांदा वाटलं, हस्ताक्षरातला १ आणि ९ यांचा घोळ असेल, मराठी अंकांत तो नेहमी होतो. पण त्या घोळात फरक आठाचा पडतो, इथे दोनाचा होता. काकूंनी वही पाहिली आणि कारण निघालं: दोन घरांनी सकाळी ६ आणि सकाळी ७ दोन्हीपुढे सही केली होती. काकूंनी एकूण लिहिताना घरं मोजली होती, मी मतं मोजत होतो. दोघांचंही गणित बरोबर होतं.

त्यावरून ए विंगची आठवण झाली. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये एकापेक्षा जास्त उत्तरं देण्याची मुभा मुळातच चालू असते, पोल बनवणाऱ्याने ती बंद करावी लागते. आमच्याकडे ती बंद केली नव्हती. एक्सपोर्ट केलेल्या मजकुरात फक्त पर्यायवार मतं येतात, माणसं किती ते कळत नाही. त्यासाठी फोनवर `View votes` उघडून नंबर मोजावे लागले. ६२ मतं ५५ जणांनी दिली होती.

म्हणजे १७० मतं एकूण १६१ जणांची आहेत. नऊ मतं जास्तीची. याने निकाल बदलतो का? सगळ्यात वाईट शक्यता धरू: नऊच्या नऊ जास्तीची मतं पहिल्या पर्यायातूनच वजा करू. ७७ मधून ९ गेले तरी ६८ उरतात आणि दुसरा पर्याय ५४ वर आहे. पहिला क्रमांक ढळत नाही. फरक नऊच्या आत असता तर मी आलेख दाखवला नसता, ए विंगमध्ये एकच उत्तर देता येईल असा पोल परत घ्यायला सांगितलं असतं. एकाच घरातल्या दोन मोबाइलवरून मत दिलं गेलं का, हे या मजकुरातून काढता येत नाही. ते कळायचं तर नंबर आणि फ्लॅट जुळवावे लागतील, आणि पाण्याच्या वेळेसाठी शेजाऱ्यांची तशी यादी बनवणं मला योग्य वाटत नाही.

व्हॉट्सॲपवर मत नंतरही बदलता येतं, म्हणून मजकूर कोणत्या तारखेला किती वाजता घेतला ते "काम" शीटच्या माथ्यावर लिहून ठेवा.

टक्के कोणते घ्यायचे

काकांच्या मेसेजमधले टक्के मी काढून टाकले, कारण ते फक्त बी विंगचे होते. तीन विंगच्या टक्क्यांची सरासरी काढली तर लहान विंगला मोठ्या विंगएवढंच वजन मिळतं. टक्के लागलेच तर ते शेवटच्या तक्त्यातल्या संख्यांवरून काढावेत. त्यातही दशांश ठेवले तर ४५.३, ३१.८, २०.६ आणि २.४ यांची बेरीज १००.१ भरते आणि सभेत कोणीतरी नेमकं तेच विचारतं. पूर्णांकात ४५, ३२, २१, २ असे शंभर होतात.

कधी कधी मजकुरात नुसते टक्के आणि एकूण संख्या असते. तेव्हा उलट गणित करता येतं, पण मर्यादेत. एकूण ५० असतील तर एक मत म्हणजे दोन टक्के, त्यामुळे ४८ टक्के म्हणजे २४ मतंच. एकूण शंभरापर्यंत पूर्णांक टक्क्यांवरून मतं नेमकी निघतात. त्यापुढे नाही: १७० पैकी ४५ टक्के म्हणजे ७६ मतंही असू शकतात आणि ७७ सुद्धा. अशा वेळी संख्या ओढूनताणून काढू नका, ज्याने पाठवलं त्याच्याकडे मूळ आकडे मागा.

आलेखाला देण्याआधी

आलेखासाठी निवडायचा भाग म्हणजे शीर्षकाची एक ओळ आणि चार ओळी, बस. एकूणाची ओळ त्यात येऊ देऊ नका, नाहीतर १७० चा एक खांब उभा राहून बाकीचे चार ठेंगणे दिसतात. मध्ये रिकामी ओळ नको, विलीन केलेले सेल नकोत, संख्येपुढे "मते" हा शब्द नको. तो शब्द शीर्षकात एकदा आला की पुरे.

मी आडवे खांब घेतले, कारण मराठी नावं लांब असतात आणि उभ्या खांबांखाली ती तिरकी होऊन वाचायला त्रास होतो. वर्तुळाकार आलेख मी मुद्दाम टाळला. तो पाहणाऱ्याला सांगतो की हे एका पूर्णाचे भाग आहेत, प्रत्येक माणूस एकाच फोडीत आहे. आपल्याकडे नऊ मतं दोनदा आलेली आहेत, तेव्हा ते खरं नाही. क्रम वेळेप्रमाणे ठेवला, "कोणतीही वेळ" शेवटी. आलेखाचं शीर्षक लिहिलं: "पाणी सोडण्याची वेळ: १६१ सभासदांची १७० मते".

पुढच्या पोलसाठी काका आणि काकूंना मी एवढंच सांगितलं आहे की पर्यायाचं नाव कमिटीच्या मेसेजमधून कॉपी करा, मध्ये उभी रेघ द्या आणि पुढे संख्या लिहा. कोणी नसेल तर ० लिहा, आणि शेवटी मतं किती व घरं किती ते वेगवेगळं लिहा:

```
सकाळी ६ ते ८ | २२
सकाळी ७ ते ९ | १९
संध्याकाळी ६ ते ८ | १४
कोणतीही वेळ | ३
मते | ५८
घरे | ५६
```

असं आलं तर अंक बदलणारं सी रकान्याचं सूत्र आणि त्यानंतर `=SPLIT(C2,"|")` एवढ्यावर काम भागतं. नावं कॉपी केलेली असल्यामुळे नकाशातही बहुतेक चारच ओळी आणि "मते", "घरे" या दोन बाद ओळी उरतील. ए विंगच्या ॲडमिनने पुढच्या वेळी पोल बनवताना एकापेक्षा जास्त उत्तरांचं बटण बंद ठेवायचं कबूल केलं आहे.